‘बीडी’ म्हणजे दोनदा, पण कधी?

दवाखान्यातून आलेली चिठ्ठी घरात शेवटी कोणाच्या हातात येते, हे तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध असो, मुलाच्या खोकल्याचं असो की नवऱ्याच्या शुगरचं, कुठली गोळी कधी द्यायची याचा हिशेब ठेवते घरातली बाईच. आणि हा हिशेब ज्या कागदावरून ठेवायचा, तो कागद मात्र तिच्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो डॉक्टरांनी मेडिकलवाल्यासाठी लिहिलेला असतो. ओडी, बीडी, टीडीएस, एसओएस ही सगळी त्या दोघांची आपापसातली बोली. ती चिठ्ठीवरून तशीच्या तशी घरी येते आणि फ्रिजवर किंवा देवघराशेजारच्या खुंटीवर लटकत राहते.

मी फार्मसी शिकले आणि गेली वीस-बावीस वर्षं तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. मागे एक आजीबाई चिठ्ठी पुढे करून अगदी गंभीरपणे म्हणाल्या होत्या, “बाई, नातू वाचून सांगतो डॉक्टरांनी बिडी लिहून दिलीय. मला दम्याचा त्रास, मी कशी ओढू?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण नातवाचं काय चुकलं? कागदावर इंग्रजी बी आणि डी हीच दोन अक्षरं होती, आणि त्यांचा अर्थ त्याला आजवर कोणीच सांगितला नव्हता.

तो अर्थ तसा अवघड नाही. ही अक्षरं इंग्रजी असली तरी त्यामागचे शब्द लॅटिन आहेत. युरोपात कित्येक शतकं वैद्यकाची भाषा लॅटिन होती, तिची ही शेपूट अजून राहिली आहे. म्हणून इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलालाही ती कळत नाही. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी, किंवा काही डॉक्टर बीआयडी लिहितात, म्हणजे दोनदा. टीडीएस किंवा टीआयडी म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा. एचएस म्हणजे रात्री झोपताना. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. आपल्याकडचे बरेच डॉक्टर आता याऐवजी १-०-१ असं लिहितात. त्यात पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. मला विचाराल तर ही पद्धत लॅटिन अक्षरांपेक्षा शंभर पटींनी चांगली. कारण बीडी फक्त ‘किती वेळा’ ते सांगतं. १-०-१ निदान ‘कधी’ याचा थोडा तरी पत्ता देतं.

आणि खरी मेख त्या ‘कधी’मध्येच आहे. बीडी म्हणजे दोनदा हे कळलं, की आपल्या घरांत ती गोळी चहाला बांधली जाते. सकाळचा चहा आठला, दुपारचा चहा चारला. झाल्या की दोन गोळ्या! पण मग चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत सोळा तास शरीरात औषध येतच नाही. बीडीचा अर्थ साधारण बारा-बारा तासांनी असा धरायचा. सकाळी आठला घेतली तर रात्री आठ-नऊला. टीडीएसचंही तसंच, तीन डोस दिवसभरात जमेल तितके सारख्या अंतराने पसरायचे. जंतुसंसर्गावरच्या अँटिबायोटिक गोळ्यांना तर हे अंतर फारच महत्त्वाचं. त्यांचं रक्तातलं प्रमाण टिकून राहिलं तरच त्या जंतूंना आवरतात. घड्याळ लावून मध्यरात्री उठा असं कोणी म्हणत नाही. पण दोन्ही डोस एकाच अर्ध्या दिवसात कोंबू नयेत.

जेवणाच्या आधी की नंतर, हे सांगायलाही दोन अक्षरंच असतात. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. घाईत लिहिलेला ए आणि पी बऱ्याचदा जुळ्या भावंडांसारखे दिसतात, आणि मग गोळी भलत्याच बाजूला जाते. शंका आली तर अंदाज करू नये, विचारावं. कारण ‘जेवणानंतर’ या एका शब्दामागे प्रत्येक गोळीचं कारण वेगळं असतं. कारण कळलं की गोळी कधी घ्यायची हे पुन्हा चिठ्ठीत शोधावं लागत नाही.

थायरॉइडची गोळी घ्या. हल्ली घरटी नाही तरी गल्लीत चार-पाच जणी तरी ही गोळी घेणाऱ्या असतात. ती सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही. पोटात अन्न, दूध, चहा किंवा कॉफी असली की ती नीट शोषलीच जात नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या तर तिच्या वैरिणीच. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ‘एसी’ एवढंच वाचून जी वहिनी ही गोळी दुपारच्या जेवणाआधी, कॅल्शियमच्या गोळीसोबत घेते, तिचं चुकतं कुठे हे तिला कळणार कसं? सहा आठवड्यांनी रक्त तपासल्यावर आकडा जागचा हललेला नसतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि दोष थायरॉइडच्या माथी जातो. पित्ताच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्याही एसीच. त्या नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायच्या. पोटात जळजळ सुरू झाल्यावर जेवणानंतर घेऊन त्यांचा पुरता उपयोग होत नाही.

उलट डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी पीसी असते ती पोटाच्या आतल्या अस्तराला जपण्यासाठी. ती रिकाम्या पोटी घेत राहिलं की आधी जळजळ होते, आणि पुढे कोणाकोणाला अल्सर होतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जायचं.

आता जरा आपल्या घराकडे बघू. ‘पीसी’ लिहिणाऱ्या डॉक्टरांनी जेवणाची एक वेळ मनात धरलेली असते. दुपारी एक, रात्री साडेआठ, असं काहीतरी. आपल्यातल्या किती जणी त्या वेळेला जेवतात हो? मुलांचे डबे, सासऱ्यांचं पथ्याचं ताट, पाहुणेरावळे, मग ओटा आवरून झाला की तीन वाजता आपलं पान. दुपारची गोळी तीनला आणि रात्रीची साडेदहाला. मधुमेहाच्या बाईच्या बाबतीत हा उशीर नुसता उशीर राहत नाही. मेटफॉर्मिनची गोळी जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घेतात, कारण तिने पोट बिघडतं. एखाद वेळी जेवायला उशीर झाला तरी एकट्या मेटफॉर्मिनने सहसा शुगर फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइडची गोष्ट वेगळी. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. म्हणूनच ती नाश्त्याच्या किंवा पहिल्या मुख्य जेवणाच्या अगदी थोडं आधी किंवा त्याच्याबरोबर घ्यायची असते. गोळी घेतली आणि जेवण तीन तासांनी आलं, तर इन्शुलिनला काम करायला अन्नच नसतं. मग दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी शुद्धीत असलेल्या माणसाला ताबडतोब साखरेचं पाणी द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. कित्येक गोळ्यांत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही एकत्रच असतात. आपल्या पाकिटात काय आहे हे मेडिकलमध्ये एकदा विचारून ठेवलेलं बरं.

आणि उपास! चतुर्थी, एकादशी, नवरात्र. दर महिन्याला कोणीतरी काउंटरवर येऊन विचारतं, “ताई, गोळी जेवणानंतर लिहिलीय आणि आज तर माझा कडक उपास. मग घेऊ की नको?” काही जणी जेवणच नाही म्हणून गोळीही सोडतात. काही जणी गोळी चुकवायची नाही म्हणून कोऱ्या चहावर घेतात. ग्लिमेपिराइडवाल्या बाईसाठी दुसरा मार्ग धोक्याचा आहे, आणि रक्तदाबाच्या गोळीच्या बाबतीत पहिला. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्यांना जेवणाची अटच नसते, त्या उपासाच्या दिवशीही पाण्याबरोबर घेता येतात. म्हणून नवरात्र सुरू होण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, की उपासाच्या दिवशी यातली कुठली गोळी घ्यायची, कुठली कमी करायची आणि कुठली त्या दिवशी घ्यायची नाही. ‘पीसी’ या दोन अक्षरांत याचं उत्तर नाही आणि कधी असणारही नाही.

एसओएसबद्दल थोडंच सांगते. ‘गरज पडली तर’ एवढं म्हटलं की सूचना अर्धीच होते. किती वेळाने पुन्हा घ्यायची आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हा उरलेला अर्धा भाग विचारून घ्यायचा. तापावरची ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिली असेल तर दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास जाऊ द्यायचे. म्हणजे चोवीस तासांत चारपेक्षा जास्त होत नाहीत. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. तीही याच हिशेबात धरायची, नाहीतर यकृतावर ताण येतो. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा घरगुती हिशेब तिथे चालत नाही.

आता ज्या ओळीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, तिच्याकडे येते. आपल्या डोळ्यांना आणि हातांना रोजच्या गोळीची इतकी सवय झालीय, की एखादी गोळी रोज घ्यायचीच नसते हे डोक्यात शिरत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या काही गोळ्या असतात. चिठ्ठीवर ‘वीकली’ असं लिहितात, काही डॉक्टर ओडब्ल्यू लिहितात. आता ओडी आणि ओडब्ल्यू घाईच्या अक्षरात शेजारीशेजारी ठेवून बघा. पहिलं अक्षर एकच. दुसरं आपण वाचतच नाही, सवयीने धरून चालतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीच्या एक काकू तोंड आल्यावर लावायचं मलम मागायला आल्या. माझ्याकडच्या त्या नेहमीच्या गिऱ्हाईक नव्हत्या. पाणी पितानाही डोळ्यांत पाणी येत होतं, ओठांच्या आत पांढरे व्रण दिसत होते. तोंड येणं तसं रोजचंच, पण इतकं? म्हणून विचारलं, दुसरी काही औषधं चालू आहेत का? त्यांनी पिशवीतून पाकीट आणि चिठ्ठी काढली. जिल्ह्याच्या गावी मोठ्या डॉक्टरांनी सांधेवातासाठी तीन गोळ्या लिहिल्या होत्या. पहिली मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, पुढे ओडब्ल्यू. दुसरी फॉलिक ॲसिड, तीही आठवड्यातून एकदाच, पण वेगळ्या दिवशी. तिसरी पित्ताची, रोज नाश्त्याआधी. गोळ्या दुसऱ्याच एका दुकानातून घेतल्या होत्या. तिथल्या मुलाने पाकिटावर पेनाने लिहिलं होतं, “रोज रात्री १”.

काकूंनी ती रोज घेतली होती. सहा रात्री. म्हणजे सहा गुणिले साडेसात, ४५ मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचं औषध सहा दिवसांत पोटात गेलं होतं. मेथोट्रेक्सेट हे मुळात पेशींची वाढ रोखणारं औषध आहे. मोठ्या मात्रेत ते कर्करोगावर देतात. आठवड्याला एकदा, थोड्या मात्रेत दिलं तर ते सांधेवाताला आवरतं आणि मधल्या सहा दिवसांत शरीराला सावरायला वेळ मिळतो. रोज घेतलं की तो वेळ मिळतच नाही. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांच्यावर आधी घाव बसतो. तोंडाचं आतलं अस्तर, आतडी, आणि हाडांच्या मगजात तयार होणारं रक्त. म्हणून आधी तोंडात व्रण, जुलाब, मग ताप, अंगावर निळे-लाल डाग, हिरड्यांतून रक्त. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या तर साधा संसर्गही जिवावर बेततो. या चुकीने माणसं दगावली आहेत, आपल्याकडेही आणि परदेशातही.

मी मलम दिलं नाही. त्यांच्या मुलाला फोन लावायला सांगितला आणि गोळी थांबवून त्याच दिवशी त्यांना जिल्ह्याच्या गावी पाठवलं. रक्ततपासणीत पेशी खाली आलेल्या निघाल्या. काही दिवस दवाखान्यात काढावे लागले, पण त्या बऱ्या झाल्या. व्रणांवर मलम लावून आणखी चार रात्री त्या गोळ्या गेल्या असत्या, तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही.

आठवड्याची गोळी म्हणजे एवढी एकच नाही. तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या घरात कधी ना कधी ‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची कॅप्सूल किंवा दुधात घालायची पुडी आलेली असेल. ती बहुधा आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे, असं सांगितलेलं असतं. मग डॉक्टर पुन्हा बघून ठरवतात. ‘टॉनिकच तर आहे’ म्हणून ती रोज घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ‘ड’ जीवनसत्त्व जास्तीचं झालं तर लघवीवाटे पटकन निघून जात नाही, चरबीत साठून राहतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान खूप लागते, लघवीला सारखं होतं, मळमळतं, बद्धकोष्ठ होतो, आणि पुढे मूत्रपिंडांना इजा. हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात ती ७० मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेटची गोळीही आठवड्याचीच असते.

मग आपल्याला कळणार कसं? अक्षर वाचता येवो न येवो, एक ताळा प्रत्येकीला करता येतो. गोळ्या मोजायच्या. चिठ्ठीवर औषधासमोर ‘किती दिवस’ किंवा ‘किती गोळ्या’ असा आकडा बहुतेक वेळा असतो. समजा, ओळीच्या शेवटी ‘५ दिवस’ आहे आणि गोळ्या दहा लिहिल्यात, तर दिवसाला दोन, म्हणजे बीडी. पाच दिवसांना पंधरा, तर टीडीएस. आणि महिन्याभराच्या चिठ्ठीत एखाद्या औषधासमोर फक्त ‘४’ लिहिलेलं असेल, तर ते रोजचं असूच शकत नाही. तीस दिवस आणि चार गोळ्या, म्हणजे आठवड्याला एक. काकूंच्या चिठ्ठीवरही मेथोट्रेक्सेटसमोर ४ असंच होतं. दुकानातून दहाची अख्खी स्ट्रिप दिली गेली होती आणि तिथेच ताळा मोडला. म्हणून मोजायचं ते डॉक्टरांनी लिहिलेल्या आकड्याशी, हातात आलेल्या पाकिटाशी नाही. सुट्या गोळ्या देत नाहीत म्हणून पूर्ण स्ट्रिप घ्यावी लागली, तर उरलेल्या गोळ्या कशासाठी नाहीत हेही विचारून घ्यावं.

डोळ्यांच्या चिठ्ठीची एक गंमत जाता जाता सांगते. चष्म्याच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर ओडी दिसलं तर त्याचा अर्थ ‘दिवसातून एकदा’ असेलच असं नाही. तिथे ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा. तीच दोन अक्षरं, कागद बदलला की अर्थ बदलला.

अक्षर सुधारावं म्हणून प्रयत्न झालेले नाहीत असं नाही. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय परिषदेच्या नियमांत दुरुस्ती झाली. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं त्यात आलं. २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येणारी चिठ्ठी हा रुग्णाचा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं. चांगलंच झालं. पण मला यात एक गोष्ट खटकते. मोठ्या, सुबक, छापल्यासारख्या अक्षरांत बीडी लिहिलं तरी ते बीडीच राहतं ना? छापील चिठ्ठी देणारे दवाखाने आता आपल्या गावांतही आहेत. औषधाचं नाव त्यावर लख्ख वाचता येतं आणि पुढे पुन्हा तेच ओडी, पीसी, एचएस. वाचता आलं पण कळलं नाही, तर घरच्या बाईला त्याचा काय उपयोग?

अमेरिकेत या अक्षरांचा धोका आधीच ओळखला गेला. तिथे दिवसातून एकदाला क्यूडी लिहायची पद्धत होती. पेनाचा एक फटकारा मध्ये आला की ते क्यूआयडी, म्हणजे चारदा, असं वाचलं जायचं. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने २००४ मध्ये ‘हे वापरू नका’ अशी एक यादीच काढली आणि क्यूडी त्यात घातलं. त्याऐवजी ‘रोज’ हा शब्द पूर्ण लिहा, असं सांगितलं. इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे, त्यांनाही जर पूर्ण शब्द लागतो, तर आपल्याला बीडीवर भागवायला का लावायचं?

मी हे डॉक्टरांपुढे बोलले की ते म्हणतात, “ताई, ओपीडीत ऐंशी पेशंट असतात, मराठीत निबंध कुठे लिहू?” त्यांचंही खरं आहे. पण निबंध कोणी मागितलाय? ‘रविवारी रात्री’ किंवा ‘नाश्त्याआधी’ हे एकदोन शब्दच. आणि डॉक्टरांना जमत नसेल तर ते काम आमचं, काउंटरच्या अलीकडच्यांचं आहे. औषध देताना ते कसं घ्यायचं हे समजावून सांगणं हा फार्मासिस्टच्या कामाचाच भाग. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून राग येईल, पण संध्याकाळच्या गर्दीत बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्ट मागे हिशेबात असतो आणि पाकिटावर लिहितो तो नुकताच कामाला लागलेला मुलगा. तो ‘रोज रात्री १’ असं वळणदार अक्षरात लिहितो, आणि ते वळणदार अक्षरच विश्वास बसवतं.

तेव्हा पैसे देण्याआधी प्रत्येक पाकीट हातात घ्या आणि त्यावर मराठीत लिहून मागा. कशासाठी आहे, कुठल्या वेळी, खाण्याच्या आधी की नंतर, आणि किती दिवस. गोळी आठवड्याची असेल तर वाराचं नाव लिहून घ्या आणि त्यासोबत ‘इतर दिवशी नाही’ हेही. लिहिताना पाकिटावरची मुदतीची तारीख आणि औषधाचं नाव झाकलं जाऊ देऊ नका. घरी सासूबाईंना वाचता येत नसेल तर सकाळच्या गोळ्या एका डब्यात, रात्रीच्या दुसऱ्यात आणि आठवड्याची गोळी या दोन्हींत न ठेवता आपल्या ताब्यात, कपाटात. मेडिकलमधला मुलगा जरा तोंड वाकडं करेल, मागची रांग चुळबुळ करेल. करू दे. मी काउंटरच्या या बाजूने सांगते, एका पाकिटावर एवढं लिहायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.